तीस स्थळांचा हिशेब

माझा धाकटा भाऊ बार्शी तालुक्यात राहतो, वय ३४, तीन एकर द्राक्षबाग आणि थोडी जिरायत. लग्नाचं बघायला लागून पाच वर्षं झाली. ज्यांच्या घरात शेती करणारा लग्नाचा मुलगा आहे त्यांना पुढचं काही सांगावं लागणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुलं नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. बऱ्याच जणांनी ते गंमत म्हणून फॉरवर्ड केले. आमच्या घरात त्या दिवशी कोणी हसलं नाही. आईने टीव्ही बंद केला आणि गोठ्याकडे गेली.

हे सांगायचं कारण असं की मॅट्रिमोनी कंपनीचा फोन येतो तेव्हा तो अशा घरात येतो. घ्यायचं की नाही असा शांतपणे विचार करायच्या अवस्थेत कोणी नसतंच. मी पुण्यात असते, लग्न होऊन बारा वर्षं झालीत, आणि भावाचं फ्री प्रोफाइल मीच मोबाइलवरून टाकलं होतं २०२३ च्या दिवाळीत. ते टाकल्यावर महिन्याभरात फोन सुरू झाले. दर वेळी वेगळी मुलगी बोलायची, पण सुरुवात एकच, "सर तुमच्या प्रोफाइलला खूप चांगला रिस्पॉन्स आहे, ७ मुलींनी इंटरेस्ट दाखवलाय, पण तुम्ही पेड मेंबर नसल्यामुळे नंबर दिसत नाही." भाऊ सहा महिने नाही म्हणत राहिला आणि जून २०२४ मध्ये हो म्हणाला.

त्याने घेतलं ते साधं पॅकेज नव्हतं. साध्यात तुम्ही स्वतः शोधायचं, इंटरेस्ट पाठवायचा, नंबर बघायचे. सहा महिन्यांचं साधं पॅकेज त्यांच्या साइटवर ५,००० रुपयांना होतं. ह्याला घ्यायला लावलं ते असिस्टेड, म्हणजे तुमच्यासाठी एक रिलेशनशिप मॅनेजर, ती तुमच्या अपेक्षांप्रमाणे स्थळं शोधणार, समोरच्या घरी स्वतः फोन करणार, त्यांची तयारी असेल तरच तुम्हाला नंबर देणार. किंमत २०,०००, वर १८ टक्के जीएसटी ३,६००, एकूण २३,६००. आणि ऑफर फक्त आज रात्री आठपर्यंत, उद्या ३५,००० होणार. (ती "आज रात्रीपर्यंत"ची ऑफर नंतर आम्ही तीन महिने रोज बघत होतो. डार्क पॅटर्न, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्या, त्यांबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात अशा खोट्या घाईचा प्रकार पहिलाच आहे, हे मला फार उशिरा कळलं.)

पैसे यूपीआयने गेले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी चिडले, पण त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, तो एवढंच म्हणाला, "ताई, पाच वर्षं झाली गं."

एक गोष्ट मात्र त्याने पैसे भरायच्या आधी केली होती आणि पुढे सगळं त्या एका गोष्टीवर उभं राहिलं. फोनवरची मुलगी म्हणाली होती महिन्याला किमान पाच स्थळं. ह्याने फोन ठेवल्यावर तिला व्हॉट्सॲपवर विचारलं, "म्हणजे महिन्याला ५ ना मॅडम, बोलणं झालेली?" आणि तिचं उत्तर आलं, "हो सर, मिनिमम ५, सहा महिन्यांत ३०, आम्ही आधी फॅमिलीशी बोलून घेतो." बस, दोन ओळी. त्याने काही पुरावा म्हणून ते विचारलं नव्हतं, त्याचा स्वभावच तसा आहे, द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी पण तो दर ठरला की असाच मेसेज टाकतो. बिलावर फक्त पॅकेजचं नाव आणि "६ महिने" एवढंच होतं. पाच नाही, तीस नाही, फॅमिलीशी बोलणं नाही, काहीच नाही. फोनवर जे बोललं जातं आणि बिलावर जे छापलं जातं त्यात एवढी मोठी फट असते, आणि माणूस पैसे भरतो ते फोनवरच्या बोलण्यासाठी.

पहिल्या महिन्यात मॅनेजर बाईंनी तीन प्रोफाइल पाठवली. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात मॅनेजर बदलल्या, नव्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. चौथ्यात तीन आली. पाचव्यात आमचे फोन कोणी उचलेना, आणि सहावा संपता संपता एका दिवसात तीन प्रोफाइल आली, सोबत रिन्यू करायचा फोन. सहा महिन्यांत एकूण अकरा.

डिसेंबरात भाऊ म्हणाला सोड, गेले पैसे. आणि हा सगळ्यात मोठा अडथळा होता, कंपनीच्या नियमांपेक्षा मोठा. त्याला पैसे मागायची लाज वाटत होती. तक्रार करायची म्हणजे कोणाला तरी सांगायचं की माझं लग्न जमत नाहीये, म्हणून मी पैसे परत मागतोय. गावात कळलं तर? कंपनीतली माणसं काय म्हणतील, की तुम्हालाच कोणी पसंत केलं नाही त्याला आम्ही काय करणार? मी त्याला खूप समजावलं पण लाज अशी समजावून जात नाही. मला वाटतं अशा किती घरांत हे असंच मिटत असेल, वीस-पंचवीस हजार जातात आणि कोणी बोलत नाही कारण बोलायचं म्हटलं की विषय पैशाचा राहत नाही.

मग एका रविवारी मी गावी गेले तेव्हा आम्ही दोघं ओट्यावर वही घेऊन बसलो. मी म्हटलं लग्नाचं राहू दे, आपण फक्त स्थळं मोजू. तीस सांगितली होती, किती दिली.

अकरा प्रोफाइल एकेक उघडलं. दोन मुलींची लग्नं आधीच ठरलेली होती, त्यातल्या एकीच्या वडिलांनी भावाला सांगितलं की चार महिन्यांपूर्वी साखरपुडा झाला, आम्ही कंपनीला कळवलंय. एक नंबर बंदच होता, कधीच लागला नाही. एक प्रोफाइल दुसऱ्यांदा आलेलं, जुन्या मॅनेजरनी जुलैत पाठवलेलं तेच नव्यांनी ऑक्टोबरात पाठवलं. तीन मुलींनी स्वतःच्या अपेक्षांत स्पष्ट लिहिलं होतं, नोकरी करणारा, पुणे किंवा मुंबई. उरली चार. त्या चार घरांशी बोलणं झालं, दोन घरांनी आमच्या समोर कांदेपोह्यापर्यंत येऊन नकार दिला, एका ठिकाणी पत्रिकेवरून थांबलं, एका ठिकाणी आम्हीच नाही म्हणालो.

ती चारही मी त्यांनी दिलेल्यात धरली. भावाला पटत नव्हतं, तो म्हणाला जमलं तर एकही नाही. पण मला हे महत्त्वाचं वाटत होतं. समोरच्या घराने नकार देणं हा कंपनीचा दोष नाही, त्यांनी लग्नाची हमी दिली नव्हती आणि कोणीच देऊ शकत नाही. आमच्याकडे पूर्वी मध्यस्थ असायचे, आमच्या आत्याचं लग्न जमवणारे काका मला आठवतात, त्यांना लग्नात फेटा बांधून मान दिला, त्याआधी रुपया घेतला नव्हता. जमलं तर मान, नाही जमलं तर पुढचं स्थळ. इथे पैसे आधी घेतलेत आणि ते जमण्याचे नाहीत, दाखवण्याचे आहेत. मग हिशेबही दाखवण्याचाच व्हायला पाहिजे. दाखवलेली चार त्यांची, न दाखवलेली सव्वीस आमची.

हे असं वहीत मांडलं आणि भावाचा चेहरा बदलला हे मी स्वतः पाहिलं. कारण आता कागदावर त्याच्याबद्दल काही नव्हतंच. तीस पेट्या सांगून चार पेट्या दिल्या तर व्यापाऱ्याशी कसं बोलतात ते त्याला चांगलं माहिती आहे.

तेव्हाच अजून एक गोष्ट सापडली, आणि तिचा मला आजही राग येतो. नोकरीवालाच हवा म्हणणाऱ्या तीन मुलींकडे ह्याचं प्रोफाइल गेलंच कसं, म्हणून मी लॉगिन करून बघितलं. मी दिवाळीत टाकलेलं "शेती" त्या जागी "बिझनेस" झालं होतं, आणि राहण्याचं ठिकाण गावाऐवजी सोलापूर. भावाला विचारलं तर म्हणाला पहिल्या मॅनेजर बाई म्हणाल्या होत्या की शेती लिहिलं की मुली प्रोफाइल उघडतच नाहीत सर, आपण बिझनेस टाकू, बोलताना सांगा. तो हो म्हणाला होता. म्हणजे समोरच्या घरी पहिला फोन जायचा तोच खोट्यावर, आणि भावाने खरं सांगितलं की तिकडून गार शांतता. एका मुलीची आई त्याला म्हणाली, तुम्ही आम्हाला फसवताय. त्याने ते मला सहा महिने सांगितलं नव्हतं.

परत मागायचे किती, यावर आम्ही बराच वेळ घालवला. पूर्ण २३,६०० मागावेत असं शेजारच्या वकिलीला शिकणाऱ्या मुलाचं म्हणणं होतं, मागताना जास्तच मागायचं. २०२४ मध्ये बंगळुरूच्या ग्राहक आयोगाने एका विवाह पोर्टलला पूर्ण ३०,००० फी व्याजासकट परत करायला लावली होती आणि वर नुकसानभरपाई, ते त्याने दाखवलं. पण तिथे ४५ दिवसांत स्थळ देतो सांगून एकही दिलं नव्हतं. आमच्याकडे अकरा पाठवल्याचा त्यांच्याकडे रेकॉर्ड होता. पूर्ण मागितले असते तर त्यांनी पहिल्याच उत्तरात ती अकरा नावं पुढे केली असती आणि आमची बाजू तिथेच ढिली पडली असती.

म्हणून असा हिशेब केला. २०,००० पैकी साधं पॅकेज ५,००० चं, ते भावाने वापरलं, लॉगिन होतं, स्वतः शोधत होता, ते सोडून दिलं. राहिले १५,०००, हे फक्त मॅनेजरने शोधून देण्याचे. तीस स्थळांना १५,००० म्हणजे एका स्थळाला ५००. न दिलेली २६, म्हणजे १३,०००. त्यावर भरलेला जीएसटी १८ टक्क्यांनी २,३४०. एकूण १५,३४०. जीएसटीचं बहुतेक लोक विसरतात, किंवा कंपनी सांगते तो सरकारला गेला आता येत नाही. तसं नसतं, सेवा कमी दिली तर विकणारा क्रेडिट नोट काढून तो कर आपल्या हिशेबात वळता करून घेऊ शकतो, त्याला फक्त मुदत असते. आम्ही आर्थिक वर्ष संपायच्या आधीच मागत होतो त्यामुळे मुदतीचा प्रश्नच नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये मेल केला. कस्टमर केअरला नाही, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन सेवा विकणाऱ्याने ह्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यावी लागते आणि महिन्यात निकाली काढावी लागते. ते नाव साइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात असतं. मेलमध्ये मी रागाचं एक वाक्य लिहिलं नाही, आणि ते अवघड गेलं. अकरा प्रोफाइलचा तक्ता, प्रत्येकापुढे तारीख आणि काय झालं ते, व्हॉट्सॲपच्या त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट, बिल, पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज, वरचा हिशेब, आणि १५ दिवसांची मुदत. व्यवसाय बदलायला सांगितल्याचं पण लिहिलं, पण वेगळ्या परिच्छेदात, हिशेबात मिसळलं नाही.

पहिलं उत्तर अपेक्षित होतं तेच. नियम क्रमांक अमुकप्रमाणे फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही आणि कंपनी लग्नाची हमी देत नाही. मी लिहिलं, लग्नाची हमी आम्ही मागतच नाही आहोत, सव्वीस स्थळांचं बोला. आणि कायद्यातली एक व्याख्या उतरवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या कमतरतेची व्याख्या फक्त छापील करारापुरती नाही, करारानुसार "किंवा अन्यथा" जे करायचं कबूल केलं त्यात कमी पडणं म्हणजे कमतरता. ते "किंवा अन्यथा" आमच्यासाठी फार मोलाचं होतं, कारण आमची तीस स्थळं बिलावर नव्हती, व्हॉट्सॲपवर होती.

मग त्यांचा फोन आला, मेल नाही. अतिशय गोड बोलणारे एक सर. तीन महिने फ्री एक्स्टेंशन देतो म्हणाले, सीनियर मॅनेजर देतो. भाऊ जवळजवळ हो म्हणणार होता, कारण आशा असतेच, तीन महिन्यांत कोण जाणे. मी नको म्हटलं. एक्स्टेंशन घेतलं की सेवा चालू आहे असं होतं, आणि तीन महिन्यांनी परत तेच झालं तर तक्रार कुठून मोजायची? शिवाय ज्या माणसांनी सहा महिन्यांत चार दाखवली तीच माणसं ती. पुढे ३,००० "गुडविल" म्हणून देऊ केले. फोन झाला की प्रत्येक वेळी मी मेल टाकत होते, आज आपण फोनवर असं असं म्हणालात, आम्हाला मान्य नाही. एकाही मेलला त्यांनी आम्ही असं म्हणालो नाही असं उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत महिना उलटल्यावर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं. त्यांनी डॉकेट नंबर दिला, कागद ऑनलाइन चढवले. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही हे आधीच माहिती असलेलं बरं, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते एवढंच, खूपदा उत्तर येतं "नियमानुसार परतावा नाही" आणि डॉकेट बंद होतं. तसं झालं असतं तर आम्ही सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाणार होतो. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पण तारखा लागतात आणि भावाला द्राक्षाच्या हंगामात सोलापूरला खेपा घालणं जमलं नसतं, हेही खरं. ते गणित आमच्या डोक्यात होतं आणि मला वाटतं त्यांच्याही होतं.

डॉकेट गेल्यावर नवव्या दिवशी कंपनीचा मेल आला, पहिल्यांदाच रकमेसकट. १०,००० आणि त्यावरचा जीएसटी १,८००, एकूण ११,८००, पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून. अट अशी की आधी हेल्पलाइनवरची तक्रार मागे घ्या.

१५,३४० आणि ११,८०० मध्ये ३,५४० चा फरक. मला सोडायचा नव्हता. मला अजूनही वाटतं की तो आमचा हक्काचा होता, सहा स्थळं त्यांनी हिशेबातून अशीच उडवली. पण निर्णय भावाचा होता, आणि तो म्हणाला, "ताई, मला आता ह्यांच्याशी बोलायचं नाहीये." मग मी फक्त क्रम उलटा केला, आधी पैसे खात्यात, मग तक्रार बंद. आणि मेलमध्ये अजून दोन मागण्या घातल्या, ऑटो रिन्यूअल बंद केल्याचं लेखी कळवा, आणि प्रोफाइल, फोटो, फोन नंबर साइटवरून काढून टाका.

पैसे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आले. माल काढणी चालू होती, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, त्या गडबडीत त्याने मला बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्द नाही. संध्याकाळी फोन केला तेव्हा पैशाचं बोललाच नाही. विचारलं, "फोटो काढला का त्यांनी?"

मी माझ्या मोबाइलवरून बघितलं, लॉगिन न करता. फोटो होता. निळ्या शर्टातला, मागे बाग, खाली लिहिलेलं बिझनेस, सोलापूर. परत मेल केला, चार दिवसांनी तो गेला, मी तीनदा तपासलं.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी गावी गेले तेव्हा आईने वधूवर मेळाव्यासाठी नवा बायोडाटा करायला काढला होता. टाइप मी करून देते म्हटलं, पण मजकूर भावाने स्वतः लिहून ठेवला होता, वहीच्या त्याच पानामागे जिथे आम्ही स्थळं मोजली होती. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, आणि त्याखाली: व्यवसाय, शेती, द्राक्षबाग तीन एकर, गावीच राहणार. ती ओळ त्याने दोनदा गिरवून ठळक केली होती.